कळेपर्यंतचा वेळ

खुर्चीत बसल्याबरोबर त्या पर्समधून मोबाइल काढून मांडीवर ठेवतात. पडदा वर, आवाज चालू. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. सकाळी उठल्यावर एक फोन, कॉलेजात पोहोचली का म्हणून दुसरा, जेवली का म्हणून तिसरा. मोजायला सांगितलं तेव्हा दिवसाचे नऊ निघाले. त्यांना आपण सुनंदाताई म्हणू. चार-पाच जणींच्या हकिगती मिसळून ही एक बाई मी तयार केली आहे. वय ४८, नाशिकच्या एका पतसंस्थेत नोकरी, नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू, सासूबाईंचे गुडघे दुखतात. घरात काळजी करण्याजोगं जेवढं कोणाच्याही घरात असतं तेवढंच. पण दीड वर्ष झोप धड नाही, मान-खांदे सतत आखडलेले, हिशेबात मन लागत नाही, जरा काही झालं की चिडचिड. सामान्यीकृत चिंताविकारासाठी निदानाच्या पुस्तकात सहा महिने आणि सहापैकी तीन लक्षणं मागितली आहेत. इथे दोन्ही भरून उरतात. थायरॉइडची तपासणी करून झाली, चहा सातवरून तीन कपांवर आला, फरक नाही.

पहिल्या भेटीच्या शेवटी, दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, “पण मॅडम, तिला काही होणार नाही ना?”

नव्या समुपदेशकांसाठी लिहायच्या या प्रकरणाचा सगळा विषय त्या ‘ना’मध्ये आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशा प्रश्नाला मी मनापासून उत्तर देत असे. “नाही हो, काही होत नाही,” असं म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा खरोखर सैल व्हायचा, आणि मला वाटायचं, आजचं काम झालं. पुढच्या आठवड्यात त्याच बाई तोच प्रश्न नव्या पदरात बांधून आणायच्या. मुलीचं झालं की नवऱ्याचं, नवऱ्याचं झालं की कर्जाच्या फाइलवरच्या सहीचं. मी दिलेला दिलासा संध्याकाळपर्यंत पुरत नव्हता.

पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या दोघांनी २०२० मध्ये एक अभ्यास छापला. या विकाराच्या २९ जणांनी दहा दिवस आपल्या काळज्या लिहून काढल्या आणि त्यातल्या पडताळता येतील अशा काळज्यांचं पुढे काय झालं ते महिनाभर नोंदवलं. ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. हा आकडा हातात आला की तो रुग्णाला सांगण्याचा मोह आवरत नाही. मी सांगूनही पाहिला आहे. उत्तर ठरलेलं असतं: “मग उरलेले नऊ टक्के?” प्रश्न चुकीचा नाही. शंभरातली एक शक्यता शिल्लक राहिली तरी ज्याला झोप येत नाही, त्याला आकडे दाखवून काय होणार? त्या प्रयोगाचा गुण आकड्यात नव्हताच. ज्याने त्याने आपली काळजी आधी लिहिली, आणि मग काय होतं ते थांबून पाहिलं, यात होता. तो धागा पुढे येईल.

महाराष्ट्रात आपल्या पिढीचा हात आधी विचाराकडे जातो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत इथे कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि अविवेकी विचार पकडून त्याला पुरावा मागायचा ही सवय आपल्याला लागली. ती चांगलीच आहे. पण सुनंदाताईंचा विचार पुराव्याने पडत नाही, कारण त्या मुळात ‘अपघात होणारच’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “होऊ शकतो.” होऊ शकतो, हे खरं आहे. त्या वाक्याशी वाद घालणारा समुपदेशक हरतो, आणि हरलाच पाहिजे.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लावाल विद्यापीठ आहे. तिथे नव्वदच्या दशकात फ्रीस्टन, दुगास, लादूसर आणि त्यांचे सहकारी ‘माणसं काळजी का करतात’ या साध्या प्रश्नामागे लागले. १९९४ मध्ये त्यांनी २७ विधानांची एक प्रश्नावली पुढे आणली. अनिश्चितता किती सोसवते, किंबहुना किती सोसवत नाही, हे ती मोजते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या माणसांना संकटाहूनही जास्त त्रास होतो तो न कळण्याचा. त्यांनी ॲलर्जीची उपमा वापरली, आणि ती मी आजही रुग्णांना आपल्या घरच्या उदाहरणाने सांगते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला कुटाचा एक कण पुरतो. बाकीच्या घराने वाटीभर खाल्लं तरी काही होत नाही. तसं अनिश्चिततेचा कण पुरतो. मुलीने फोन उचलला नाही, एवढाच तो कण असतो. त्याने ‘जर’ जागा होतो, एका ‘जर’ला दुसरा फुटतो आणि बघता बघता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या मनात रुग्णालयाचा जिना येतो.

उपमा जिथे तुटते तेही सांगावं लागतं. शेंगदाणे घरातून काढून टाकता येतात. अनिश्चितता काढून टाकता येत नाही, म्हणून तिची सवयच करावी लागते. रुग्ण मात्र वर्षानुवर्षं पहिलाच मार्ग चालत असतो, घर झाडून काढण्याचा.

दुसऱ्या भेटीत आम्ही तो झाडू शोधतो. अनिश्चितता हटवायला तुम्ही काय काय करता, एवढंच विचारायचं. सुनंदाताईंच्या यादीत फोन होतेच. शिवाय पतसंस्थेतली प्रत्येक पावती तीनदा मोजणं. डॉक्टरांनी नवऱ्याला लिहून दिलेली गोळी इंटरनेटवर वाचणं आणि मग मेडिकलवाल्याला पुन्हा विचारणं. भाजी स्वतःच आणणं, कारण नवरा काय आणील याचा नेम नाही. याच्या उलट्या बाजूलाही काही गोष्टी होत्या, आणि त्या नवख्याच्या नजरेतून सुटतात. सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आठ महिने लांबलेलं होतं, कारण ते शस्त्रक्रिया सांगतील की नाही हे ठाऊक नव्हतं. एकीकडे खात्री मिळेपर्यंत धडपड, दुसरीकडे जिथे खात्री मिळणारच नाही तिथून पळ. दिसायला उलट, मूळ एकच.

यादी करताना आपली रीत आणि आजार यांची गल्लत होऊ देऊ नये. ‘पोहोचलीस की फोन कर’ हे आपल्याकडे निरोपाचं वाक्य आहे, त्याला लक्षण म्हणणारा माणूस मराठी घरात राहिलेला नसावा. पोहोचल्यावरचा एक फोन ही रीत आहे. मधले आठ फोन आपले. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार. ज्याला या विकाराने धरलेलं नाही तो कौल घेऊन उठतो आणि बैल जुंपतो. धरलेला माणूस घरी येऊन विचार करतो, पाकळी वाऱ्याने तर पडली नसेल?

मग काळज्यांची वाटणी. आज समोर असलेल्या आणि हात घालता येण्याजोग्या काळज्या एका बाजूला, आणि अजून न घडलेल्या, कदाचित कधीच न घडणाऱ्या दुसऱ्या बाजूला. सासूबाईंचे गुडघे पहिल्या बाजूला. तिथे प्रयोग वगैरे काही नको, डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि रिक्षा बोलवायची. या दोन बाजूंची सरमिसळ झाली की उपचार वाकडा जातो. ज्या बाईचा नवरा खरोखर हात उगारतो, तिला अनिश्चितता सोसायला शिकवणं हा गुन्हा आहे.

दुसऱ्या बाजूकडे वळताना एक शब्द आडवा येतो. ‘काळजी’ हे नाम एकच. काळजी घेणं वेगळं आणि काळजी करणं वेगळं, हे सगळं क्रियापदावर. सुनंदाताईंना विचारलं, हे फोन कमी केले तर कसली भीती वाटते? अपघाताचं नाव येईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “मग मी कसली आई?” लावालच्या मंडळींनी काळजीविषयीच्या ज्या चांगल्या समजुती नोंदवल्या, त्यात हीसुद्धा आहे: काळजी करणारा माणूस मायेचा असतो. दुसरीही आहे, जी रुग्ण लाजत सांगतो. मी काळजी केली म्हणून वाईट टळलं. ही समजूत पाडायची मी घाई करत नाही. घेणं आणि करणं अशा दोन रकान्यांत गेल्या आठवड्याचे फोन मांडायला सांगते. ताप आला तेव्हा औषध कोणतं घ्यायचं सांगितलं तो फोन ‘घेणं’मध्ये गेला. त्या आठवड्याच्या त्रेसष्ट फोनांपैकी पाच तिकडे गेले. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, मग म्हणाल्या, “बाकीचे माझ्यासाठी होते.”

त्यानंतर प्रयोग. हा शब्द मी शाळेतल्या प्रयोगवहीच्या अर्थानेच वापरते. एका कागदावर तीन रकाने. पहिल्यात, मी काय करणार आणि काय होईल असं मला वाटतं, हे आधी लिहायचं. दुसऱ्यात, खरोखर काय झालं. तिसऱ्यात, जे झालं ते मी कसं निभावलं. भाकीत नेमकं हवं. ‘वाईट वाटेल’ हे भाकीत पडताळता येत नाही. ‘तो कडू निघालेली काकडी आणील आणि कोशिंबीर टाकून द्यावी लागेल’ हे येतं. आठवड्याला दोन-तीन प्रयोग पुरतात. सुरुवात इतकी लहान असावी की रुग्णाला हसू आलं पाहिजे, कारण पहिल्या प्रयोगात भीती घालवायची नसते, कागद भरायला शिकायचं असतं.

सुनंदाताईंचा पहिला प्रयोग भाजीचा. नवऱ्याला यादी न देता बाजारात पाठवायचं. भाकीत: निम्मी भाजी फेकावी लागेल. झालं असं की मेथी जुनाट आली आणि कोथिंबीर मात्र त्यांना मिळते त्याहून ताजी. तिसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मेथीची जून पानं काढली, बाकीचे ठेपले केले.’ दुसरा प्रयोग, कार्यालयातल्या गटावर संदेश पुन्हा न वाचता पाठवणं. तिसरा, हॉटेलात कधी न खाल्लेला पदार्थ वेटरला काहीही न विचारता मागवणं. तो त्यांना आवडला नाही आणि त्यांनी तो अर्धा टाकला. हे तिन्ही प्रयोग मुलीपासून फार लांबचे आहेत आणि मुद्दाम तसे आहेत. न कळण्याची कुरकुर अंगात सारखीच उठते, कारण कोथिंबिरीचं असो की लेकीचं.

मी या कागदात तिसऱ्या रकान्याला सर्वांत जास्त वेळ देते, आणि नवखे समुपदेशक सर्वांत कमी. दुसरा रकाना वाचून त्यांना आनंद होतो: बघा, काही झालं नाही! पण काही न होण्यावर उपचार टेकवला, तर ज्या दिवशी काही होईल त्या दिवशी तो कोसळेल. काही तरी होतंच. सुनंदाताईंच्या सहाव्या आठवड्यात झालं.

मुलगी शनिवारी पुण्याहून नाशिकला यायची होती. आतापर्यंतची रीत अशी, की गाडी सुटली की ती मोबाइलवरून आपलं ठिकाण आईला दिसेल असं चालू करायची, आणि तो निळा ठिपका नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा सरकताना आई पाच तास बघायची. प्रयोग ठरला: ठिपका बंद. निघताना एक फोन, उतरल्यावर एक. भाकीत त्यांनी लिहिलं, ‘मला घाम सुटेल, चार वाजेपर्यंत मी तिला फोन करीनच. गाडी बंद पडेल.’ गाडी बारा वाजता सुटली. पाचला पोहोचायला हवी होती. साडेपाचपर्यंत फोन नाही. सहाला त्यांनी फोन केला, ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. मुलगी सात वाजून दहा मिनिटांनी दारात उभी राहिली. चंदनापुरी घाटात ट्रक आडवा झाल्याने रांग लागली होती आणि तिच्या मोबाइलची बॅटरी संगमनेरच्या आधीच संपली होती.

मंगळवारी त्या आल्या त्या रागावूनच. “तुमचा प्रयोग फसला,” म्हणाल्या. कागद टेबलावर ठेवला. दोन रकाने भरलेले, तिसरा कोरा. मी त्यांना पाच ते सात वाजून दहा या वेळाचा हिशेब मागितला, मिनिटामिनिटाने. पाचला कुकर लावला. साडेपाचला देवाजवळ दिवा लावला. सहाला फोन. सव्वासहाला नवऱ्याला स्थानकावर पाठवलं. साडेसहाला मैत्रिणीचा नंबर शोधून तिला विचारलं, गाडी कोणती होती. पावणेसातला एसटीच्या चौकशीला फोन लावला, तिथून घाटातली रांग कळली. मग पोळ्या लाटल्या. “पोळ्या?” मी विचारलं. “हो, चौदा.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “रडत लाटल्या.” तेवढं सगळं त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, रडल्याचंसुद्धा. त्या बाईंनी दीड वर्ष ज्या प्रसंगाची धास्ती घेतली होती, त्याची पाऊण आवृत्ती त्यांच्यावर येऊन गेली होती आणि त्यांनी त्यात काय करायचं ते योग्य क्रमाने केलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

प्रयोग खरोखर फसतो तो निराळ्या तऱ्हेने, आणि ते ओळखायची खूण आहे. आठव्या आठवड्यात फोन दिवसाला दोनवर आले होते, आणि सुनंदाताई फारच शांत होत्या. माझ्या अनुभवात कागद इतका स्वच्छ असला की कुठे तरी गळती असते. दोन फोनांचा दिवस आणि कुरकुर शून्य, हे जमत नाही. विचारलं तर त्या ओशाळल्या. व्हॉट्सॲपवर मुलगी शेवटची कधी दिसली ती वेळ त्या बघत होत्या, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. फोन गेला आणि त्याच्या जागी हे आलं. कधी ते नवऱ्याकडे जातं: ‘तुम्ही विचारा ना तिला.’ कधी नामजपाकडे, आणि तिथे फार नाजूकपणे चालावं लागतं, कारण जप हा जप असू शकतो किंवा विमा असू शकतो. मी विचारते, १०८ ऐवजी १०० वर थांबलात तर काय होईल? उत्तर देताना घाम फुटला तर तो विमा. कधी गळती माझ्याच खोलीत असते. रुग्ण प्रयोग ठरवताना म्हणतो, “तुम्ही सांगता म्हणजे सुरक्षितच असणार,” आणि मी मान हलवली की अनिश्चितता माझ्या खात्यावर जमा झाली. म्हणून प्रयोग रुग्णानेच निवडायचा आणि मी “काय होईल ते मलाही माहीत नाही” असं मोठ्याने म्हणायचं, हा माझा नियम आहे. तो पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. दाराशी उभी असलेली बाई ‘ना’ म्हणून वाट बघते तेव्हा जीभ आपोआप वळते.

काही काळज्या प्रयोगाला दाद देत नाहीत. आपण म्हातारपणी एकटे पडू, कॅन्सर होईल, ही भाकितं शनिवारपर्यंत पडताळता येणार नाहीत. तिथे लावालच्या पद्धतीत रुग्ण तो सर्वांत भयाचा प्रसंग वर्तमानकाळात लिहून काढतो आणि रोज तोच मजकूर वाचतो, मध्ये पळवाट न ठेवता. काळजी ही बहुतांशी शब्दांत चालते, चित्रात नाही, हे बोर्कोव्हेक यांनी फार आधी दाखवलं होतं; शब्दांची बडबड भीतीच्या चित्राला जवळ येऊ देत नाही, आणि म्हणून भीती विझतही नाही. हे काम रोज अर्धा-पाऊण तास मागतं, आणि निम्मे रुग्ण ‘वाचलं हो’ म्हणून सांगतात तेव्हा वाचलेलं नसतं.

या उपचाराला मी किती यशस्वी म्हणते? लादूसर आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या चाचणीत २६ रुग्ण होते. उपचारानंतर त्यांतल्या २० जणांना निदानाचे निकष लागू पडत नव्हते आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकला होता. संख्या लहान आहे आणि सहा जण उरलेच. माझ्याकडे उरलेल्यांचं प्रमाण जास्त आहे. नैराश्य खोल असलं की कागद भरला जात नाही, तेव्हा आधी त्याच्याकडे पाहावं लागतं. काहींच्या पर्समध्ये झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची पट्टी ‘लागली तर’ म्हणून असते. ती गोळी घेतली नाही तरी प्रत्येक प्रयोगात सोबत असते. ती पट्टी मी काढून घेत नाही. अशा गोळ्या रोज घेणाऱ्याने अचानक बंद केल्या तर झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते, म्हणून ते मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू करायचं काम. मी फक्त तिची नोंद पहिल्या रकान्यात करायला सांगते.

चौदाव्या भेटीला सुनंदाताई शेवटचा कागद घेऊन आल्या. फोन दिवसाला एक, कधी दोन. सासूबाईंचा गुडघा दाखवून झाला होता; शस्त्रक्रिया सांगितली होती, तारीख मिळायची होती. मुलीने उन्हाळ्यात बेंगळुरूला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता, आणि आईने तिला ‘कर’ म्हटलं होतं, राहायची सोय कुठे हे न विचारता. पहिल्या रकान्यात त्यांनी भाकीत लिहिलं होतं: ‘निवड होईल. राहायला लांब जागा मिळेल. मी पहिले आठ दिवस झोपणार नाही.’

निकाल अजून यायचा होता. बाकीचे दोन रकाने रिकामे ठेवून त्यांनी कागदाची घडी केली. मी घ्यायला हात पुढे केला होता. “राहू दे माझ्याकडेच,” म्हणाल्या, आणि तो पर्समध्ये टाकला. मोबाइल त्या दिवशी पर्समध्येच होता. तो एकदा वाजला. त्यांनी पर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पर्सची चेन अर्धी ओढून हात तसाच तिच्यावर ठेवला.